सहा व्होल्टचा बल्ब का पेटला नाही?



आज एका फसलेल्या प्रयोगाबद्दल लिहिते आहे. प्रयोग फसला तेव्हा मी दोन माणसांवर अन्याय केला. एक आमच्या सातवीतली मुलगी, दुसरा तालुक्याचा दुकानदार. चूक त्या दोघांची नव्हती, माझ्या डोक्यातल्या हिशेबाची होती. हा हिशेब तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यातही तसाच असेल असं वाटतं, म्हणून सविस्तर सांगते.

शाळेसाठी मी एक छोटं सोलर पॅनेल आणलं होतं. वहीच्या पानापेक्षा थोडं लहान. मागच्या चिठ्ठीवर छापलेलं, ६ व्होल्ट, ३ वॅट. विज्ञानाच्या तासाला मैदानात घेऊन गेलो. मल्टिमीटर लावला तर ७.१ व्होल्ट दाखवले. पोरं खूश. मी म्हटलं, "आता कोणी बल्ब आणेल का घरून?" दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजोबांच्या जुन्या लुनाच्या इंडिकेटरचा बल्ब घेऊन आली. त्याच्यावर लिहिलेलं ६ व्होल्ट, १० वॅट. मी मनात हिशेब केला, पॅनेल तीन वॅटचं, बल्ब दहा वॅटचा, म्हणजे बल्ब एक तृतीयांश तरी पेटेल. मिणमिणता का होईना, दिसेल.

तिने तारा जोडल्या. काहीच नाही. उन्हात दिसत नसेल म्हणून बल्बवर चपलांचं रिकामं खोकं धरलं. आत अंधारच. मी म्हटलं, "तू तारा नीट जोडल्या नसशील, बस खाली." मी स्वतः जोडल्या. तरी अंधार. मल्टिमीटर लावला तर ज्या पॅनेलवर आत्ता सात व्होल्ट होते तिथे जेमतेम अर्धा व्होल्ट. बल्ब काढला की पुन्हा जवळपास सात. लावला की अर्धा. एक मुलगा म्हणाला, "बाई, यात करंटच नाय. नुसता दाखवायला हाय." मलाही तेच वाटलं. संध्याकाळी दुकानदाराला फोन करून बरंच बोलले. तो बिचारा एवढंच म्हणत राहिला, "मॅडम, माल चांगला आहे, तुम्ही लोड बघा."

माझा भाऊ आयटीआयचा वायरमन आहे. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तू पॅनेलला बॅटरी समजतेस. आधी तो बल्ब बाजूला ठेव. बल्बची तार थंड असताना एक रोध, तापली की दुसराच. साधे रोधक आण, दहा ओहमचे, पाच वॅटचे, पांढरे सिमेंटचे असतात ते. चार पुरे. एकेक लावून व्होल्ट मोज आणि आलेखावर मांड." पाच वॅटचे का, तेही आम्हाला कळलं. पेटीत एक जुना पाव वॅटचा दहा ओहमचा रोधक होता, तो गंमत म्हणून लावला तर मिनिटभरात करपल्याचा वास आला. मोठे रोधकसुद्धा चांगले तापतात, मुलांना हात लावू देऊ नका.

आमच्याकडे मल्टिमीटर एकच. व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी मोजता येत नाहीत. पण रोधकाचा रोध माहीत असला की दुसरं मीटर लागतच नाही. रोधकावरचे व्होल्ट मोजायचे आणि त्यांना ओहमने भागायचं, आली विद्युतधारा. हा भागाकार सातवीच्या मुलांना जमतो.

चार रोधकांतून वेगवेगळे रोध कसे करायचे हे मुलांनीच शोधलं. चारही एकसर जोडले की ४० ओहम, तीन एकसर ३०, दोन एकसर २०. दोन समांतर जोडले की ५. एक आणि त्याच्यापुढे दोन समांतर, म्हणजे १५. आणि एक, त्याच्यापुढे तीन समांतर, म्हणजे १० अधिक ३.३, साधारण १३.३. हा शेवटचा पुढे फार कामाला आला.

सकाळी साडेदहाच्या सुमारास आभाळ अगदी मोकळं असताना पॅनेल सूर्याकडे तोंड करून विटेला टेकवलं. लगेच मोजायला सुरुवात केली नाही. पहिल्या दिवशी लक्षात आलं होतं की पॅनेल उन्हात तापत जातं तसे व्होल्ट उतरतात. ७.१ वरून ६.८ वर येऊन ते थांबले. आपल्या पॅनेलमध्ये बारा सोलर सेल एकामागोमाग जोडलेले आहेत, काचेखाली पट्ट्या मोजता येतात. प्रत्येक सेल एक अंश तापमान वाढलं की साधारण दोन हजारांश व्होल्ट गमावतो. बारांचे मिळून तीन दशांश गेले याचा अर्थ पॅनेल बारा-तेरा अंशांनी तापलं. म्हणून दहा मिनिटं थांबून मगच मोजमाप सुरू केलं, नाहीतर पहिला आणि शेवटचा आकडा वेगवेगळ्या पॅनेलचे असल्यासारखे येतात.

आमचे आकडे असे आले:

काहीच न जोडता: ६.८ व्होल्ट, धारा शून्य
४० ओहम: ६.५२ व्होल्ट, ०.१६ अँपिअर, १.१ वॅट
३० ओहम: ६.४२ व्होल्ट, ०.२१ अँपिअर, १.४ वॅट
२० ओहम: ६.१६ व्होल्ट, ०.३१ अँपिअर, १.९ वॅट
१५ ओहम: ५.७९ व्होल्ट, ०.३९ अँपिअर, २.२ वॅट
१३.३ ओहम: ५.५४ व्होल्ट, ०.४२ अँपिअर, २.३ वॅट
१० ओहम: ४.४८ व्होल्ट, ०.४५ अँपिअर, २.० वॅट
५ ओहम: २.२५ व्होल्ट, ०.४५ अँपिअर, १.० वॅट

शेवटी पॅनेलच्या दोन्ही तारा मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून थेट जोडल्या. व्होल्ट जवळपास शून्य, धारा तीच ०.४५. एक सूचना इथेच देते. असं सरळ जोडणं एवढ्या छोट्या पॅनेललाच चालतं. बॅटरीला असं कधीही करू नका, तार लाल होते.

मोजताना २० ओहमचा आकडा आधी भलताच कमी आला होता. आलेखावर तो बिंदू बाकीच्यांच्या ओळीतून आत घसरलेला दिसला. शोधलं तर वाकून मीटर वाचणाऱ्या मुलाच्या डोक्याची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडत होती. बारा सेल एकामागोमाग आहेत, एकावर सावली पडली तर सगळ्यांचीच धारा अडते. एखादा बिंदू वक्राच्या आत पडला की आधी सावली बघा.

आता आलेख. आडव्या अक्षावर एका सेंटिमीटरला १ व्होल्ट, उभ्या अक्षावर एका सेंटिमीटरला ०.१ अँपिअर. बिंदू जोडल्यावर जो आकार आला तो मुलांनी आपणहून ओळखला, "बाई, हे तर टेकाडासारखं, वरून सपाट आणि पुढे कडा." अगदी बरोबर. डावीकडून ४ व्होल्टपर्यंत रेघ जवळजवळ आडवी, साडेचार सेंटिमीटर उंचीवर. मग पाच-साडेपाचच्या आसपास वाकते आणि ६.८ ला खाली कोसळते.

या आकाराचं कारण मी मुलांना असं सांगितलं. उजेड सेलवर पडला की दर सेकंदाला ठरावीक विद्युतप्रभार मोकळे होतात. किती, ते उजेडाने ठरतं, आपण जोडलेल्या वस्तूने नाही. म्हणून सपाट भागात धारा बदलतच नाही. पाच ओहम लावा नाहीतर सरळ तार लावा, ०.४५ च्या वर एक कणही मिळत नाही. पण व्होल्ट वाढत गेले की सेलच्या आतलाच डायोड उघडायला लागतो आणि तीच धारा बाहेर न जाता आतल्या आत परत फिरते. प्रत्येक सेलमागे अर्ध्या व्होल्टच्या पुढे हे झपाट्याने वाढतं. ६.८ ला सगळीच धारा आत फिरते, बाहेर शून्य. म्हणजे मीटरवरचे ते दिमाखदार सात व्होल्ट काहीच काम होत नसतानाचे होते.

मग रोधकाची बाजू. १० ओहमच्या रोधकाचं स्वतःचं म्हणणं असतं: मला १ व्होल्ट द्या, मी ०.१ अँपिअर घेईन. ४ व्होल्ट द्या, ०.४ घेईन. आमच्या मापात हे म्हणजे एक घर उजवीकडे, एक घर वर. आलेखाच्या कोपऱ्यातून निघालेली अगदी कर्णासारखी सरळ रेघ. ४० ओहमची रेघ चार घरं उजवीकडे आणि एकच वर, म्हणजे लोळलेली. ५ ओहमची एक घर उजवीकडे आणि दोन वर, म्हणजे उभी.

पॅनेल वक्रावरचाच कुठला तरी बिंदू देऊ शकतं. रोधक आपल्या रेघेवरचाच बिंदू घेऊ शकतो. दोघं एकमेकांना जोडले की जिथे वक्र आणि रेघ छेदतात तेवढा एकच बिंदू दोघांना मान्य होतो. त्यालाच कार्यबिंदू म्हणायचं. बाजारात भाव ठरतो तसंच, विकणारा एक सांगतो, घेणारा एक सांगतो, जिथे जुळतं तिथे सौदा.

हे खरं की नुसतं बोलणं, ते तपासायला मी मुलांना २५ ओहम न जोडताच विचारलं, "किती व्होल्ट येतील?" त्यांनी पाच घरं उजवीकडे, दोन वर अशी रेघ मारली. ती वक्राला ६.३ व्होल्टच्या जागी छेदत होती. मग दोन रोधक एकसर आणि पुढे दोन समांतर असे २५ ओहम जोडले. मीटर म्हणालं ६.३२. वर्गात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गाच्या बाईंनी येऊन थांबवला.

आता वॅट. विद्युत शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आलेखावर कार्यबिंदूपासून दोन्ही अक्षांवर लंब टाकले की एक आयत होतो आणि त्याचं क्षेत्रफळ हीच शक्ती. आमच्या मापात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.१ वॅट. चौथी-पाचवीपासून शिकवतो ते क्षेत्रफळ, घरं मोजायची फक्त. ५ ओहमचा आयत उंच पण अरुंद, साधारण दहा घरं. ४० ओहमचा रुंद पण बुटका, साधारण अकरा घरं. १३.३ ओहमचा आयत मात्र तेवीस घरांचा. त्याचा कोपरा बरोबर वक्राच्या वाकणावर येतो. ज्या बिंदूवर हा आयत सर्वांत मोठा, तो कमाल शक्ती बिंदू.

मुलांनी विचारलं, "मग ६.८ आणि ०.४५ दोन्ही मिळून तीन वॅट होतात ना?" होतात, पण दोन्ही एकाच वेळी कधी मिळत नाहीत. तो आयत साडेतीस घरांचा आहे आणि त्याचा कोपरा वक्राच्या बाहेर हवेत लोंबकळतो. आमचं पॅनेल त्यातली तेवीस, म्हणजे साधारण पाऊण भाग भरतं. याला फिल फॅक्टर म्हणतात. आणि चिठ्ठीवरचे ३ वॅट? ते कारखान्यातल्या ठरावीक कसोटीचे असतात, चौरस मीटरला १००० वॅट उजेड आणि सेलचं तापमान फक्त २५ अंश. आमच्या मैदानात ऊन त्याहून थोडं कमी आणि पॅनेल त्याहून पुष्कळ गरम. २.३ हा प्रामाणिक आकडा आहे.

आता लुनाच्या बल्बकडे परत. ६ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब पूर्ण पेटल्यावर १.६७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा तापलेला रोध ३.६ ओहम. थंड असताना त्याच्या साधारण दहावा भाग. अशा बल्बची रेघ जवळजवळ उभीच. ती वक्राला अगदी डाव्या टोकाला छेदते, तिथे धारा ०.४५ आणि व्होल्ट अर्धा. गुणाकार ०.२ वॅटच्या आसपास. एवढ्यात तार पुरेशी तापत नाही, पुरेशी तापली नाही म्हणून रोध पुरेसा वाढत नाही, रोध पुरेसा वाढला नाही म्हणून कार्यबिंदू तिथेच अडकून बसतो. माझा 'एक तृतीयांश पेटेल' हा हिशेब इथे चुकला होता. बॅटरी व्होल्ट जवळजवळ कायम ठेवते आणि मागू तेवढी धारा देते. पॅनेल धारा ठरवून देतं आणि व्होल्ट लोडवर सोडतं. त्या मुलीने तारा बरोबरच जोडल्या होत्या आणि दुकानदार 'लोड बघा' म्हणाला तेही बरोबरच होतं.

एवढ्यावर थांबले असते, पण एका मुलाने विचारलं, "मग कायम १३.३ ओहमच लावून ठेवायचं का?" त्याच्यासाठी पॅनेल सूर्यापासून तिरपं करत नेलं, थेट जोडलेली धारा ०.४५ वरून निम्म्यावर, ०.२२ च्या जरा पुढे येईपर्यंत. हे आमचं अर्धं ऊन. पुन्हा मोजलं. टेकाडाची उंची निम्मी झाली होती, रुंदी मात्र फारशी कमी झाली नव्हती, ६.८ ऐवजी ६.५. आता १३.३ ओहमवर फक्त ३ व्होल्ट आले, म्हणजे जेमतेम ०.७ वॅट. ऊन निम्मं झालं पण शक्ती तिसऱ्या हिश्शाहूनही खाली गेली! त्याच उन्हात २५ ओहम लावले तर ५.३ व्होल्ट आणि १.१ वॅट. म्हणजे कमाल बिंदू व्होल्टच्या अक्षावर जवळपास जागेवरच राहिला, पण तिथे पोचायला लागणारा रोध दुपटीच्या जवळ गेला. दुपारी जो रोधक अचूक, तोच ढग आल्यावर चुकीचा.

गावात सौरपंप आहेत, त्यातल्या कंट्रोलरवर एमपीपीटी लिहिलेलं असतं. ते हेच काम करतं. पंपाचा लोड तोच असतो, पण मधलं इलेक्ट्रॉनिक परिपथ पॅनेलला जाणवणारा रोध बदलू शकतं. ते व्होल्ट किंचित हलवून बघतं, वॅट वाढले तर त्याच दिशेने आणखी थोडं, कमी झाले तर उलट फिरतं. मुलं म्हणाली, "बाई, आपण रोधक बदलून बदलून हेच केलं की." खरंच तेच. फक्त ते दिवसभर, न थकता करतं.

शेवट त्या मुलीचा. मी वर्गासमोर तिला म्हटलं, "त्या दिवशी चूक माझी होती, तुझी जोडणी बरोबर होती." ती काही बोलली नाही, पण आलेख वहीत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या सायकलच्या डायनामोचा बल्ब आणला. ६ व्होल्ट, ३ वॅट. म्हणाली, "बाई, तीनला सहाने भागलं तर अर्धा अँपिअर, आणि सहाला अर्ध्याने भागलं तर बारा ओहम. हा वाकणाजवळ बसतो." चपलांच्या खोक्याला भोक पाडून आत बल्ब ठेवला, तारा तिनेच जोडल्या. मी हात लावला नाही. खोक्यात पिवळा उजेड पडला. मीटरवर ५ व्होल्ट.

दुकानदारालाही फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, आता पुढचं पॅनेल घेताना लोड घेऊनच या."

तुम्ही करणार असाल तर ऊन स्थिर असलेला दिवस निवडा, चार पाच-वॅटचे रोधक घ्या आणि आलेखाचं माप वर दिलं तसंच ठेवा. १० ओहमची रेघ कर्णावर येते आणि वॅट घरं मोजून कळतात, त्यामुळे पाचवीची मुलंही सामील होतात. तुमचे आकडे काय आले ते जरूर कळवा.